अर्धवट कामाचा नफा: १५ लाख, १० की साडेचार?

फोंड्याचा अकाउंटंट: २ कोटींचं इमारतीचं काम आहे. ३१ मार्चपर्यंत आर्किटेक्टने ८० लाखांचं काम प्रमाणित केलं, १० टक्के राखीव कापून ७२ लाख हातात आले. त्यापुढचं ५ लाख खर्चाचं काम झालंय, पण मोजणी बाकी आहे. साइटवरचा शिल्लक माल आणि मशिनरीची उरलेली किंमत वजा करून एकूण खर्च ७० लाख. पात्रांव, म्हणजे आमचे मालक, म्हणतात, ८० अधिक ५ वजा ७०, १५ लाख नफा दाखव, बँकेला ताळेबंद द्यायचाय. दाखवू?

निवृत्त मास्तर: मुळीच नको. काम ४० टक्केच झालंय, म्हणजे नियमाने १५ चा एक-तृतीयांश, आणि तोही ८० पैकी ७२ मिळाले त्या प्रमाणात. साडेचार लाख घ्या, साडेदहा राखून ठेवा. न मिळालेल्या पैशावर नफा कसला?

पेडणेकर कंत्राटदार: मास्तरांशी सहमत. माझी राखीव रक्कम दोष-दुरुस्तीची मुदत संपली तरी अडकली होती. पहिल्याच पावसात गच्चीवरच्या टाकीखाली ओल आली, मग चतुर्थीपर्यंत नुसत्या फेऱ्या. आणि टीडीएसही कापतात, तोही ७२ मधून वजा करा.

म्हापशाची सीए: टीडीएस वजा करू नका, तो तुमच्याच नावे भरलेला कर आहे. मास्तर, तुमचा नियम परीक्षेपुरता. ताळेबंदाला एएस ७ हे बांधकाम-कंत्राटांचं लेखामानक लागतं, त्यात हा एक-तृतीयांश कुठेच नाही. राखीव रक्कम हे येणं आहे, ते बुडेल असं वाटलं तर वेगळी तरतूद करा. प्राप्तिकरातही ती उत्पन्नातच धरली जाते.

पण १५ सुद्धा खोटे आहेत. उरलेल्या कामाचा अंदाज किती?

फोंड्याचा अकाउंटंट: इंजिनिअर १०५ लाख म्हणतो.

म्हापशाची सीए: म्हणजे एकूण खर्च १७५, अख्ख्या कामावर नफा २५. खर्चाच्या हिशेबाने ७० भागिले १७५, काम ४० टक्के. म्हणून नफा १० लाख. मग १५ आले कुठून? प्रमाणित कामावर तुम्हाला पावणेएकोणीस टक्के सुटलेत, अख्ख्या कामावर सुटणार साडेबारा. टेंडर भरताना खोदाई आणि प्लिंथचे दर चढवलेत ना? सगळेच चढवतात, सुरुवातीला पैसा फिरावा म्हणून. फिनिशिंगला ते भरून द्यावं लागतं.

निवृत्त मास्तर: आणि तो १०५ चा आकडा कोणाचा? कंत्राटदाराच्याच इंजिनिअरचा! चिरे, रेती महागली आणि १३५ झाले तर?

म्हापशाची सीए: तर एकूण २०५, तोटा ५ लाख. तो मात्र कामाच्या प्रमाणात नाही, सगळा यंदाच घ्यायचा. अंदाज कच्चा असतो हे मान्य. पण म्हणून साडेचार खरे ठरत नाहीत.

निवृत्त मास्तर: कमी दाखवून कोणी बुडालेला मी पाहिला नाही.

फोंड्याचा अकाउंटंट: खोदाईचे दर काढून बघितले. चढवलेलेच आहेत. आता प्लास्टर, टाइल्स, प्लंबिंगचे आजचे दर मागवलेत, त्यावर १०५ टिकतात का बघतो. पात्रांवांना अजून सांगितलेलं नाही.