पुरीसाठी तेल किती तापवावं: धूर निघेपर्यंत, की त्याच्या बरंच आधी?

नवी_कढई: तेल कमी लागावं म्हणून मी छोट्या कढईत अर्धा लिटर तेलात पुऱ्या तळते. पहिल्या एक-दोन टम्म फुगतात. पुढच्या मात्र चपट्या राहतात आणि हातात घेतल्या की बोटं तेलाने माखतात. आच वाढवली की पुरीवर काळे ठिपके येतात. कुणी १६० अंश सांगतं, कुणी २००. घरात थर्मामीटर आहे. नेमकं किती तापमान ठेवू?

कडकडीत: थर्मामीटर ठेवा बाजूला. तेल कडकडीत हवं. धुराची पहिली रेघ दिसली की पुरी सोडायची. कोमट तेलात पुरी लोळत राहते आणि लोळेल तितकं तेल पिते. तेल जितकं गरम तितकं पिणं कमी, सरळ हिशेब आहे. आमच्याकडे पुऱ्या नेहमी अशाच होतात आणि कधी तेलकट होत नाहीत.

मोठा_झारा: कोमट तेलाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण धूर हे माप होऊ शकत नाही. रिफाइंड तेल सहसा २२० अंशांच्या पुढे धुरायला लागतं. घाण्याचं शेंगदाणा तेल त्याच्या कितीतरी आधी धूर सोडतं. म्हणजे धूर बघून पुरी सोडायची, तर एका तेलात ती फार गरम तेलात पडेल आणि दुसऱ्यात पुरेशा न तापलेल्या.

पुरी फुगते ती तिच्यातल्या पाण्याच्या वाफेवर. घट्ट मळलेल्या कणकेतही वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी असतं. पुरी तेलात पडल्यावर पहिल्या पाच-सात सेकंदांत दोन गोष्टी एकदम व्हाव्या लागतात. वरचा आणि खालचा पापुद्रा वाफ धरून ठेवण्याइतका शिजला पाहिजे, पण ताणला जाईल इतका मऊही राहिला पाहिजे. आणि त्याच वेळात मधल्या थरातल्या पाण्याची भसकन वाफ झाली पाहिजे. १६० ला वाफ रेंगाळत तयार होते आणि पापुद्र्यातून बारीक बुडबुड्यांनी निसटते. दाब साठतच नाही, पुरी चपटी राहते आणि वाळत जाते. २०५-२१० ला उलट होतं. खालची बाजू ताणायच्या आधीच कडक होते, मग एखाद्या कोपऱ्यात फोड येतो आणि बाकीची पुरी तशीच राहते. मी १८० ते १९० मध्ये तळतो. पुरी सोडताना १८५-१९०, आणि ती तेलात असताना १७५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

डबाभर: आमच्याकडे प्रवासाला न्यायच्या पुऱ्या मंद आचेवरच तळतात. १५०-१६० असेल, गुलाबी होईपर्यंत सावकाश. आठ दिवस कुरकुरीत राहतात. मोहन चांगलं घाला आणि घाई करू नका, तेलकट होणार नाहीत.

मोठा_झारा: त्या पुऱ्या वेगळ्या. टिकवायची पुरी आतपर्यंत वाळलेली हवी, म्हणून मंद आच. बऱ्याचदा तिला टोचेही मारतात, म्हणजे ती फुगूच नये. इथे विचारलंय ते गरम खायच्या फुगलेल्या मऊ पुरीबद्दल. तुमची पुरी तेल कमी पिते असंही नाही. मोहनामुळे ती खुसखुशीत लागते आणि तेल जाणवत नाही, एवढंच.

डबाभर: असेल. पण हाताला तेल लागत नाही हे नक्की.

गोळीवाली: मला हे अंशांचं प्रकरण झेपत नाही. कणकेची वाटाण्याएवढी गोळी टाकायची. तळाशी जाऊन क्षणात वर आली आणि लगेच लाल झाली नाही, की तेल तयार. गोळी तळाशी बसून राहिली तर थांबा, वर येता येताच तांबूस झाली तर गॅस बारीक करा. हजार पुऱ्या तळणारा आचारी थर्मामीटर लावून बसत नाही.

मोठा_झारा: गोळीची परीक्षा चांगलीच आहे, पहिल्या पुरीपुरती. नवी_कढई यांच्या पहिल्या पुऱ्या फुगतातच, बिघडतं ते नंतर. आणि आचाऱ्याच्या कढईत दहा-पंधरा लिटर तेल असतं. एका पुरीने त्याला काहीच फरक पडत नाही. अर्धा लिटरचं गणित निराळं आहे, करून बघू.

अर्धा लिटर तेल म्हणजे साधारण ४६० ग्रॅम. एवढं तेल एक अंशाने तापवायला ढोबळमानाने एक किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे तेवढी काढून घेतली की ते एक अंशाने उतरतं. आता २५ ग्रॅमची एक पुरी घ्या. तिला खोलीच्या तापमानावरून १०० अंशांपर्यंत आणायला पाचेक किलोज्यूल जातात. तिच्यातलं तीन-एक ग्रॅम पाणी वाफ होऊन निघून जातं, त्याला आणखी सात. मिळून बारा. गॅस बंद असता तर एका पुरीत तेल बारा अंशांनी उतरलं असतं. एकदम दोन सोडल्या तर पंचवीसने, म्हणजे १८५ वरून थेट १६०. गॅस चालू असतो म्हणून प्रत्यक्षात इतकं उतरत नाही. पण आच बारीक असेल आणि पुरीमागून पुरी सोडत गेलात, तर तेलाला सावरायला वेळच मिळत नाही. तिसऱ्या पुरीला १६०-१६५ चं तेल मिळतं. मग ती चपटी होते, तुम्ही आच एकदम मोठी करता, तेल २१० च्या वर जातं आणि ठिपके येतात. तुमची दोन्ही दुखणी एकाच कारणाची वाटतात.

नवी_कढई: हो, मी दोन-दोनच सोडते. आणि पहिली पुरी फुगली की आच बारीक करते, जळू नये म्हणून.

मोठा_झारा: मग तिथेच सुरुवात करा. एका वेळी एकच पुरी. ती सोडली की आच कमी नाही, उलट जराशी वाढवायची, कारण उष्णता लागते ती तेव्हाच. पुरी बाहेर काढली की आच मध्यम, आणि काटा पुन्हा १८५ ला आला की पुढची. दहा-पंधरा सेकंद थांबावं लागेल, तेवढ्यात पुढची लाटून होते. थर्मामीटरचं टोक तळाला टेकवू नका, तळ तेलापेक्षा बराच गरम असतो. वाचण्याआधी झाऱ्याने तेल एकदा हलवून घ्या, नाहीतर वर एक आकडा आणि मध्ये दुसरा असतो.

कडकडीत: एवढं करण्यापेक्षा तेल आधीच २१० ला नेऊन ठेवा. दोन पुऱ्या पडल्या की आपोआप १८५ ला येईल. माझं तेच तर म्हणणं आहे.

मोठा_झारा: सरासरी बरोबर येईल, वेळ चुकेल. पुरीचं नशीब पहिल्या पाच-सात सेकंदांत ठरतं आणि तेव्हा तेल २१० लाच असतं. ते १८५ ला येईपर्यंत पापुद्रा कडक झालेला असतो. तुमच्या पुऱ्या फुगतात, कारण तुम्ही बहुतेक जाड लाटत असाल किंवा कढई मोठी असेल. शिवाय तेल वारंवार धुरापर्यंत नेलं की ते बिघडतं, दाटसर होतं, फेसाळतं. असं तेल पुरीला जास्त चिकटतं, म्हणजे ज्या कारणासाठी इतकं तापवलं तेच उलटतं.

कडकडीत: जाड लाटतो हे खरंय. पातळ पुरी ही पुरी नव्हेच. बाकी पटलं नाही.

हिशेबी: तेल किती पितात ते मी मोजून बघितलं. कच्ची पुरी तोलली, तळून पुन्हा तोलली. वजन जवळपास तेवढंच. म्हणजे १६० ला तळलेलीही तेल पीत नाही म्हणायचं?

मोठा_झारा: तसं नाही. पाणी गेलं आणि त्याच्या जागी तेल आलं, तरी काटा तोच आकडा दाखवतो. पुरी तोलून तेल कळत नाही, तेल तोलावं लागतं. तळण्याआधी गार तेलासकट कढई तोला. सगळ्या पुऱ्या तळून झाल्या की कढई पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा तोला. झाऱ्यावरून ओघळलेलं तेलही कढईतच निथळवा. फरकाला पुऱ्यांच्या संख्येने भागा. थोडं तेल उडतं, ते धरून चाला. एक दिवस १६० ला आणि एक दिवस १८५ ला, तीच कणीक, तेवढ्याच पुऱ्या.

दुसरी गोष्ट, पुरी बरंचसं तेल कढईत पीत नाही, बाहेर काढल्यावर पिते. आत असताना वाफ जोराने बाहेर येत असते, ती तेलाला शिरू देत नाही. बाहेर काढली की वाफ थंड होऊन आटते, आत पोकळी होते आणि बाहेरून चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढताना पुरी कढईच्या काठाशी झाऱ्यावर उभी धरून पाच-सहा सेकंद निथळवायची, गरम असतानाच. नंतर चाळणीत उभी ठेवायची, एकीवर एक रचायची नाही. तळायचं तापमान अगदी नेमकं ठेवलं आणि पुऱ्या परातीत थप्पीसारख्या रचल्या, तर खालच्या तेलकट होणारच.

गोळीवाली: हे मात्र खरं. आणि भोक पडलेली पुरी सगळ्यात वाईट. फुगत तर नाहीच, वर पोटात तेल भरून येते. लाटताना कडा पातळ आणि मधे जाड झाली, किंवा कणकेत कोरडा खडा राहिला, की तिथे फुटते. त्याला कुठलंच तापमान काही करू शकत नाही.

नवी_कढई: आज एक-एक करून तळल्या, १८५ ला थांबत. बहुतेक सगळ्या फुगल्या आणि बोटांना तेल बरंच कमी लागलं. पण काळे ठिपके शेवटच्या पुऱ्यांवर आलेच, तेल १९० च्या वर गेलं नव्हतं तरी.

गोळीवाली: पिठावर लाटता का?

नवी_कढई: हो, चिकटू नये म्हणून. आणि आधी सगळ्या लाटून ताटात पसरून ठेवते.

गोळीवाली: मग ते ठिपके पुरीचे नाहीत, जळलेल्या पिठाचे आहेत. पीठ तळाशी बसतं, काळं पडतं आणि पुढच्या पुरीला चिकटतं. पोळपाटाला तेलाचं बोट लावून लाटा. कणीक पुरेशी घट्ट असेल तर पिठाची गरजच नाही. आणि लाटून ठेवलेल्या पुऱ्यांवर ओलं फडकं टाका. वरून वाळल्या की पापुद्रा ताणत नाही, मग तेल १८५ असो की काहीही असो.

हिशेबी: कणकेत थोडा रवा घातला तर तेल कमी लागतं म्हणतात. १८५ लाच तळायच्या का मग?

मोठा_झारा: रव्याने पुरी जास्त वेळ फुगलेली राहते, एवढं मी सांगू शकतो. तापमान बदलायची गरज मला कधी पडली नाही. तेल कमी लागतं का, ते कढई तोलून तुम्हीच सांगा.

कडकडीत: रवा घातला तर तेल जास्तच पिते. आमच्याकडे कुणी घालत नाही.