शब्दचर्चा: ‘व्हर्च्युअल लोकेशन’ला मराठीत काय म्हणावे?

पाटीपुसणे

आपली इंटरनेटची वाहतूक दुसरीकडच्या सर्व्हरवरून नेणाऱ्या एका व्हीपीएन अ‍ॅपच्या पडद्यावरचा मजकूर मराठीत आणतो आहे. देशांच्या यादीत काही नावांपुढे छोटी खूण आहे आणि तिच्यावर बोट ठेवले की Virtual location असे दिसते. मी ‘आभासी ठिकाण’ लिहिले. शिवाय यादीत India (via Singapore) अशी ओळ आहे, तिचे ‘भारत (सिंगापूरमार्गे)’ केले. तपासणाऱ्या बाईंनी दोन्हींवर लाल रेघ मारली आणि कारण काही दिले नाही. दोन्ही चुकीचे आहेत का?

क्लाउडकर

‘आभासी सर्व्हर’ हा शब्द आमच्याकडे रोज वापरतात की. एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरने आठ-दहा तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र सर्व्हर म्हणून भाड्याने द्यायचा. यात गैर काय? बहुतेक व्हीपीएन अशाच तुकड्यांवर चालत असणार.

तारायंत्र

क्लाउडकर, तुम्ही म्हणता तो ‘व्हर्च्युअल’ वेगळा. मुंबईतल्या डेटा सेंटरमधल्या यंत्राचे दहा तुकडे केले तरी दहाही तुकडे मुंबईतच असतात. तिथे आभासी असते ते यंत्र, जागा खरीच असते. इथे उलटे आहे. यंत्र अख्खे, खरे, लोखंडी असू शकते, पण ते सिंगापुरात असते आणि त्याचा आयपी पत्ता मात्र भारतातला म्हणून नोंदवलेला असतो. म्हणून ‘आभासी सर्व्हर’ नको, ‘आभासी ठिकाण’ चालेल. ‘सर्व्हर’ आणि ‘ठिकाण’ यांतला फरक भाषांतरात हरवला की वाचणाऱ्याचा हमखास घोटाळा होतो.

आता ‘मार्गे’कडे येतो, कारण माझ्या मते खरी चूक तिथे आहे. एसटीच्या पाटीवर ‘पुणे–नाशिक, संगमनेरमार्गे’ लिहिले असेल तर गाडी संगमनेरला थांबून शेवटी नाशिकला पोचते. India (via Singapore) या ओळीत गाडी भारतात पोचतच नाही. तुमचा डेटा सिंगापूरच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि तिथूनच उघड्या इंटरनेटवर उतरतो. पाटी फक्त नाशिकची. इंग्रजी via सुद्धा फसवेच आहे, पण म्हणून आपणही फसवायचे कारण नाही. ‘भारत (सर्व्हर सिंगापुरात)’ असे लिहा.

शाळामास्तर

‘आभासी’च्या बाजूने एक मुद्दा. विज्ञानाच्या पुस्तकात ‘वास्तव प्रतिमा’ आणि ‘आभासी प्रतिमा’ अशी जोडी आहे. सपाट आरशातली प्रतिमा आरशामागे दिसते, पण आरशामागे एकही किरण पोचलेला नसतो. तारायंत्र यांनी सांगितलेली गोष्ट अगदी हीच आहे. भारतात सर्व्हर दिसतो, भारतात काही नसते. त्यामुळे शब्द नेमका बसतो. फक्त दुसऱ्या बाजूला ‘भौतिक’ नको, ‘प्रत्यक्ष ठिकाण’ बरे.

वकिलीण

मला ‘मानीव’ सुचतो. गृहनिर्माण संस्थांतल्या लोकांना ‘मानीव अभिहस्तांतरण’ चांगलेच ठाऊक असते. बिल्डर जमीन नावावर करून देत नाही, तेव्हा सक्षम अधिकारी ती दिली असे मानून पुढचे कागद करतो. आरशातली प्रतिमा आपोआप पडते. इथे मात्र कोणीतरी ठरवते की हा पत्ता भारतातला मानायचा. म्हणून ‘मानीव ठिकाण’. पण हे मानतो कोण, ते जाणकारांनी सांगावे.

तारायंत्र

प्रश्न मर्मावर आहे. आयपी पत्त्याच्या अंगावर देश लिहिलेला नसतो. कोणता पत्ता कुठला, याच्या याद्या मॅक्समाइंड, आयपी-टू-लोकेशन, आयपीइन्फो अशा कंपन्या ठेवतात आणि वेबसाइटी त्या याद्या पाहून तुम्हाला देश चिकटवतात. पत्त्यांचा गट ज्याच्या ताब्यात असतो तो स्वतःही आपल्या पत्त्यांची जागा जाहीर करू शकतो. त्यासाठी एक साधी फाइल असते. तिला जिओफीड म्हणतात आणि तिचा नमुना २०२० सालच्या आरएफसी ८८०५मध्ये दिला आहे. एक ओळ अशी:

```
203.0.113.0/24,IN,IN-MH,Mumbai,
```

म्हणजे या गटातले २५६ पत्ते महाराष्ट्रात, मुंबईत आहेत असे मालक म्हणतो. पत्ते सिंगापूरच्या यंत्रावर चालत असले तरी ही ओळ लिहायला तांत्रिक अडचण काही नाही. यादीवाल्यांपैकी कोणी ती तशीच घेतो, कोणी स्वतः मोजून पाहतो. शिवाय याद्या एकाच दिवशी बदलत नाहीत, म्हणून एक साइट तुम्हाला भारतात बसवते आणि दुसरी सिंगापुरात. ‘व्हीपीएन भारताचा लावला तरी अमुक चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते.

तेव्हा वकिलीणबाई, पाटी पुरवठादार लावतो आणि ती मानतात यादीवाले. ‘मानीव’ला माझे अर्धे मत.

गोट्या_७१

एवढे कशाला? पिंग मारा, म्हणजे सर्व्हरला हाक देऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. पुण्यात बसून ‘भारत’ सर्व्हरला ६० मिलिसेकंद लागले तर समजायचे खोटा आहे. दूध का दूध.

तारायंत्र

गोट्याभाऊ, निम्मे बरोबर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन धरले तर दर मिलिसेकंदाला जास्तीत जास्त १०० किलोमीटर अंतर. म्हणून ६० मिलिसेकंद एवढेच सांगतात की सर्व्हर ६,००० किलोमीटरच्या आत आहे. त्या वर्तुळात सिंगापूर आहे तसे पुणेही आहे. शेजारच्या इमारतीतला सर्व्हरही वाट वाकडी असली किंवा लाइन तुंबली असली की ६० देतो. मोठा आकडा काहीच सिद्ध करत नाही, छोटा आकडा मात्र पक्का पुरावा देतो.

म्हणून मोजायचे ते ज्या देशावर संशय आहे तिथून. राइप अ‍ॅटलससारख्या जाळ्यात जगभर मोजणीची छोटी यंत्रे आहेत. सिंगापूरच्या यंत्रावरून त्या पत्त्याला पिंग केले आणि २ मिलिसेकंद आले, तर सर्व्हर सिंगापूरपासून २०० किलोमीटरच्या आत आहे. भारताची सिंगापूरला सर्वांत जवळची जमीन म्हणजे ग्रेट निकोबार, आणि तीही हजार किलोमीटरहून दूर. विषय संपला.

दोन चुका टाळा. व्हीपीएन चालू ठेवून पुण्याहून पिंग करू नका, कारण तेव्हा व्हीपीएनच्या बोगद्यातला वेळही आकड्यात मिसळतो. आणि अ‍ॅप ज्या पत्त्याला जोडते तो पत्ता वेगळा असू शकतो, बाहेर जगाला दिसतो तो वेगळा. मोजायचा तो बाहेरचा. त्याने पिंगला उत्तरच दिले नाही तर ही वाट बंद होते. तेव्हा व्हीपीएन जोडून हे करून पाहा:

```
curl -s https://www.cloudflare.com/cdn-cgi/trace | grep -E '^(ip|colo|loc)='
```

उत्तर असे येईल, पत्ता इथे नमुन्याचा घातला आहे:

```
ip=203.0.113.25
colo=SIN
loc=IN
```

loc म्हणजे यादीने मानलेला देश आणि colo म्हणजे क्लाउडफ्लेअरच्या ज्या केंद्राने उत्तर दिले त्याचे विमानतळी संक्षिप्त नाव. मानलेले ठिकाण भारत, उत्तर देणारे केंद्र सिंगापूर. मानीव आणि प्रत्यक्ष दोन्ही लागोपाठच्या ओळींत. पण हाही एकटा पुरावा नव्हे, कारण भारतातल्या काही लाइनींची वाहतूकही कधीकधी बाहेरच्या केंद्रावर वळते.

राइनकाठची

मी जर्मनीत असते आणि मला भारतातली एक सेवा बघायची असते. यादीत ‘सिंगापूर’ आणि ‘यूके’ असे दोन भारत आहेत. कोणता घेऊ? प्रत्यक्ष मुंबईतला मिळाला तर तोच उत्तम ना?

तारायंत्र

असेलच असे नाही. तुम्ही काय उघडता त्यावर ते ठरते. व्हिडिओच्या प्रती ती सेवा जगभर ठेवत असेल तर यूकेमधला मानीव भारत बरा. जर्मनीतून लंडन जवळ, आणि व्हिडिओही तिथल्याच जवळच्या केंद्रातून येण्याची शक्यता. प्रत्यक्ष मुंबईला जोडलात तर प्रत्येक थेंब मुंबईचा फेरा करून येणार. उलट एखाद्या बँकेची साइट फक्त मुंबईतूनच चालत असेल तर लंडनचा वळसा छोटाच पडतो, फारसे बिघडत नाही. सिंगापूर मात्र तुम्हाला दोन्हीकडून तोट्याचे, आधी मुंबईच्या पुढे जाऊन मग मागे फिरायचे. सेवेच्या अटींत व्हीपीएन चालतो का, ते मात्र आधी वाचा.

क्लाउडकर

माझा गोंधळ झाला होता, मान्य. पण मग सगळ्यांना भारताबाहेर सर्व्हर ठेवायची गरज काय पडली? भाडे स्वस्त म्हणून?

वकिलीण

भाडे हे कारण इतर देशांबाबत असेल. भारताबाबत कारण कायद्याचे आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण पाच वर्षे जपून ठेवायचे. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना सूट होती. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हेच ज्यांचे गिऱ्हाईक धरायचे वाक्य, त्यांची पंचाईत झाली. एक्स्प्रेसव्हीपीएनने जून २०२२मध्ये भारतातले सर्व्हर काढले आणि सिंगापूर व यूकेमध्ये मानीव भारत उभा केला. नॉर्डव्हीपीएन आणि सर्फशार्कनेही इथले सर्व्हर बंद केले. प्रोटॉनने त्याच वर्षी पुढे तेच केले.

म्हणून ‘ठिकाण’ हा शब्द नीट हवा. यंत्र जिथे आहे तिथले पोलीस ते जप्त करू शकतात, तिथले न्यायालय हुकूम देऊ शकते. यंत्रावरची पाटी भारताची असली तरी दार सिंगापूरच्या अंमलात उघडते.

गोट्या_७१

म्हणजे सर्व्हर बाहेर नेला की भारताचा नियम लागूच नाही. सुटले!

वकिलीण

तसे नाही. सरकारचे म्हणणे असे की भारतातल्या ग्राहकाला सेवा देणाऱ्याला निर्देश लागू आहेत, इथे कचेरी असो वा नसो. बाहेरच्या कंपनीवर ते कसे बजावायचे हा निराळा प्रश्न. यंत्र हलवल्याने जप्तीचा धोका हलतो, जबाबदारी हलते की नाही यावर माझी आणि माझ्या सहकाऱ्यांचीही एकवाक्यता नाही.

शाळामास्तर

पुरवठादार न सांगताही असे करतात का?

तारायंत्र

करत आलेत. २०१८मध्ये संशोधकांनी सात व्यावसायिक सेवांचे २,२६९ सर्व्हर अशाच वेळेच्या मोजणीने तपासले. किमान एक-तृतीयांश सर्व्हर जाहीर केलेल्या देशात नक्कीच नव्हते. आणखी एक-तृतीयांशांबद्दल खात्री देता येत नव्हती. पाटीपुसणे यांच्या अ‍ॅपवर निदान खूण तरी आहे. न सांगता केलेल्याला मी ‘मानीव’ही म्हणणार नाही, त्याला आपल्याकडे ‘तोतया’ हा चांगला शब्द आहे.

पाटीपुसणे

बाईंशी बोललो. त्यांची हरकत ‘मार्गे’लाच होती, ‘आभासी’वरची रेघ चुकून लागली म्हणाल्या! ‘भारत (सर्व्हर सिंगापुरात)’ मंजूर, पण जुन्या फोनवर ओळ तुटते. ‘मानीव’ त्यांनाही आवडला, पण नागपूरच्या त्यांच्या भाचीला कळला नाही. तूर्त खुणेवर ‘आभासी ठिकाण’ आणि खाली स्पष्टीकरणात ‘यंत्र प्रत्यक्षात सिंगापुरात आहे’ असे टाकतो. याहून आखूड कोणाला सुचते का?

राइनकाठची

‘पाटी भारताची, यंत्र सिंगापूरचे’. आखूड नाही, पण माझ्या आईला कळेल. आणि माझ्या यूकेवाल्या भारतावर colo=LHR, loc=IN आले.