मदत हवी आहे: स्पॅनिशमध्ये ‘तुझ्याकडे येते’ कसं म्हणायचं?

केतकी_पुणे: मी सध्या स्पेनमध्ये सालामांकात शिकायला आहे. शनिवारी इथल्या मैत्रिणीकडे जेवायला जायचं होतं. मी तिला लिहिलं, ‘बेंगो आ तु कासा आ लास सेईस ई त्राइगो एल पोस्त्रे.’ म्हणजे सहाला तुझ्याकडे येते, गोड घेऊन येते. तिने दोन्ही क्रियापदं बदलली: ‘बोय’ आणि ‘येवो’. म्हणजे ‘तुझ्याकडे जाते, गोड नेते’? मग ‘येते’ म्हणायचं तरी कधी?

निखिल७: सोपं आहे. बोलणाऱ्याकडे येणं-आणणं ते बेनीर-त्राएर (बेंगो, त्राइगो), त्याच्यापासून दूर जाणं-नेणं ते इर-येवार (बोय, येवो). बाकी काही बघायचं नाही.

रेवा_म: पण येवार म्हणजे घालणं ना? ‘येवो गाफास’, मी चष्मा लावते. गोड पदार्थाला ते कसं चालेल?

सुहास_माद्रिद: रेवाताई, क्रियापद तेच, अर्थ वेगळा. इथे ‘नेणे’.

केतकी, मराठीत आपण मनाने समोरच्याच्या दारात उभे राहतो. आईने हाक मारली की ‘आले!’ म्हणतो. इथला मुलगा ‘या बोय!’ म्हणतो, शब्दशः ‘जातो’. तू लिहिलंस तेव्हा तू तुझ्या खोलीवर होतीस, म्हणून बोय आणि येवो. त्याच जेवणाबद्दल मैत्रीण विचारेल, ‘ब्येनेस आ लास सेईस? त्राएस एल पोस्त्रे?’ तिच्या बाजूने ते येणं आणि आणणंच आहे.

निखिल, तेवढ्याने भागत नाही. मी सिनेमाला निघालोय आणि तुला सोबत बोलावतोय, तर ‘ब्येनेस कोनमीगो?’ दोघंही इथून दूर जाणार, तरी बेनीर, कारण तू माझ्यासोबत असणार. तुझं उत्तर मात्र ‘सी, बोय कोंतीगो’. घरच्या पार्टीला ऑफिसातून बोलावतानाही बेनीरच, कारण तेव्हा मी घरी असेन.

एका जागी मराठी कान उपयोगी पडतो. खाली दुकानात जाऊन लगेच परतायचं असेल तर ‘आओरा बेंगो’. अगदी आपलं ‘आलोच हं’.

मानसी_बार्सिलोना: माझ्या ऑफिसात फोनवर ‘आओरा बेंगो’ म्हणून लोक माझ्या टेबलापाशी येतात! ते परतत नसतात, पहिल्यांदाच येतात.

सुहास_माद्रिद: तो कातालानचा प्रभाव. त्या भाषेत समोरच्याकडे जायलाही ‘येणे’ चालतं, आपल्यासारखंच. परीक्षेत मात्र बोय लिहा.

केतकी_पुणे: आता कळलं. ‘या बोय’ची सवय जिभेला लावायला हवी. अजून एक अडलंय. मी आणि एक मित्र, दोघंही तिसऱ्याच्या घरी जाणार आहोत. दोघंही आता आपापल्या घरी. त्याला गिटार आणायला सांगायचं, तर ‘त्राए’ की ‘येवा’?

निखिल७: येवा. तू अजून तिथे नाहीस.

सुहास_माद्रिद: मी ‘त्राए’ म्हणेन, कारण तो पोचेल तेव्हा मीही तिथे असेन. माझी बायको इथलीच आहे, ती ‘येवा’ म्हणते. आमचं यावर अजून एकमत नाही.