‘आवाज कुणाचा?’ला उत्तर देता येईल असं संघाचं नाव

संयोजक, राधानगरी
आमच्या तालुक्यात गावोगावच्या पोरांची कबड्डी लीग ठरतेय. संघ आठ. नावं मराठी हवीत, ऐकताच ताकद जाणवावी आणि पब्लिकला ओरडायला सोपी पडावीत. आतापर्यंतची यादी: गवा, वज्र, कातळ, धडक, पोलाद, वाघ, भुदरगड आणि एका प्रायोजकाच्या हट्टापायी वॉरियर्स.

परवा सरावाला एक गंमत झाली. पोरं मैदानाभोवती उभी होती. एकानं आरोळी दिली, ‘अरे आवाज कुणाचा?’ निम्मी ओरडली ‘धडकेचा!’, निम्मी ‘धडकीचा!’ मग सगळीच हसत सुटली आणि घोषणा तिथंच बसली. बरोबर काय?

वैशाली
धडकेचा. ‘धडकी’ हा वेगळा शब्द. उरात भरते ती धडकी, म्हणजे ‘आवाज धडकीचा’ म्हटलं की घाबरलेला संघ कोणता ते तुम्हीच जाहीर केलंत.

पण चूक पोरांची नाही, नावाची आहे. शेवटी ‘अ’ असलेल्या स्त्रीलिंगी शब्दांचं हेच होतं. झेप – झेपेची, पण पकड – पकडीची. झुंज – झुंजीची, ढाल – ढालीची. ‘ए’ येणार की ‘ई’, हे आपण कानानं शिकतो आणि शंभर जण एकदम ओरडताना कान चालत नाही. म्हणून नाव निवडताना ते नुसतं ‘धडक’ असं म्हणून बघू नका. ‘-चा’ लावून, मोठ्यानं, चार जणांकडून म्हणवून घ्या. मैदानावर ते त्याच रूपात ऐकू येणार आहे.

अमेय, पुणे
कबड्डी या शब्दाची व्युत्पत्ती विचारताय का? आपल्याकडे जुनं नाव हुतूतू, तेलुगूत चेडुगुडू. त्यापैकीच एखादं नाव संघाला का देत नाही?

संयोजक
व्युत्पत्ती नको हो, संघांची नावं हवीत. आणि ‘आवाज कुणाचा? हुतूतूचा!’ म्हटलं तर आमची पोरं मलाच मैदानाबाहेर काढतील.

नाना
मात्रा मोजा, उत्तर सापडेल. वा-घां-चा, तिन्ही अक्षरं गुरू, सहा मात्रा. वज्राचा, ‘ज्र’मुळे ‘व’ गुरू, पुन्हा सहा. गव्यांचा, ‘व्य’ जोडाक्षर म्हणून ‘ग’ गुरू, तेही सहा. तिन्ही सारखीच, कुठलंही घ्या.

वैशाली
नाना, पहिली दोन मान्य, तिसरं नाही. ‘पंचगव्याचा प्रसाद’ म्हणा आणि लगेच ‘गव्यांचा कळप’ म्हणा. पंचगव्यात ‘ग’वर आघात येतो, कळपातल्या गव्यांत येत नाही. गवा – गव्यांचा, तवा – तव्याचा, रवा – रव्याचा, या ‘य’नं आधीचं अक्षर जड होत नाही. तेव्हा ‘गव्यांचा’ म्हणजे लघु, गुरू, गुरू.

आता ‘कुणाचा’ बघा. कु-णा-चा: लघु, गुरू, गुरू. प्रश्न आणि उत्तर एकाच वजनाचं, यमकासकट. आवाज कुणाचा? गव्यांचा! यादीत इतकं चपखल दुसरं नाव नाही. ‘वाघांचा’ वाईट नाही, पण गल्लीगल्लीत एक वाघ आहेच.

नाना
तवा म्हणून पाहिला. कबूल.

जुना पंच
व्याकरणातलं कळत नाही, पण वेळेचं सांगतो. चढाई तीस सेकंदांची. ती चालू असताना चढाईपटूचा दम आम्हाला ऐकावा लागतो, ‘कबड्डी कबड्डी’ तुटलं की नाही ते. तेव्हा पब्लिकनं बोंब मारली की पंचाला कान देऊन मागं मागं पळावं लागतं. चढाई संपली की समोरच्यांनी पाच सेकंदांत आपला गडी पाठवायचा असतो. ओरडायला मोकळी जागा ती तेवढीच. ‘आवाज कुणाचा, गव्यांचा’ त्यात दोनदा बसतं. मंडळाचं लांबलचक नाव एकदाही बसत नाही.

दुसरं, सुरुवातीचं अक्षर वेगळं ठेवा. एका गावी दोन्ही संघांची नावं ‘जय’नं सुरू होत होती. कर्ण्यावरून ‘जय’ एवढंच नीट ऐकू यायचं, पुढचं वाऱ्यावर. गुण लिहिणाऱ्या पोरानं लोणाचे दोन गुण भलत्याच संघाला मांडले आणि अर्धा तास वाद. तुमच्या यादीत वज्र, वाघ आणि वॉरियर्स, तीन ‘व’ आहेत. त्यातला एकच ठेवा.

अमेय, पुणे
वॉरियर्स इंग्रजी म्हणून काढत असाल तर पलटणसुद्धा मूळची इंग्रजी ‘प्लटून’च ना? पुणेरी पलटण तर कुणाला खटकत नाही.

वैशाली
इंग्रजी आहे म्हणून नाही. पलटण मराठीत मुरली, तिचं ‘पलटणीचा’ सहज होतं, आणि ‘पुणेरी’च्या ‘प’ला तिचा ‘प’ येऊन मिळतो. वॉरियर्स शेवटी इंग्रजी अनेकवचनाचा ‘स’ घेऊन आलाय. ‘वॉरियर्सचा’ ओरडून बघा, र-स-च एकावर एक आदळतात. दोनदा म्हटलं की ‘वारसाचा’ ऐकू येतं. यू मुंबाचं बघा, शेवटी मोकळा ‘आ’. नुसतं ‘मुंबा! मुंबा!’सुद्धा हवं तेवढं ताणता येतं.

संयोजक
प्रायोजकाला ‘वारसाचा’ ऐकवतो. भुदरगडचं काय?

नाना
भुदरगडचा की भुदरगडाचा? किल्ला म्हटलं तर गडाचा, तालुका म्हटलं तर भुदरगडचा. पुन्हा धडकेसारखीच फाटाफूट. शिवाय तो शेजारचा तालुका. राधानगरीच्या लीगमध्ये तुम्ही त्यांच्या नावानं ओरडणार?

संयोजक
आमचा एक सदस्य गारगोटीचा आहे. त्याचं काम ते.

कणकवलीकर
घाटाखालून बोलतो. कातळ हा आमचा रोजचा शब्द, नाव म्हणून फर्मास. पकड करणाऱ्या संघाला शोभेल, अंगावर आलेला गडी आपटून परत जाईल. ओरडताना ‘कात्‌-ळा-चा’ असं तीन ठोक्यांत येतं.

वैशाली
ठोके बरोबर आहेत. पण कातळावर काही उगवत नाही, हेही त्या शब्दात आहे. पाषाणाचं तसंच, लगेच ‘पाषाणहृदयी’ आठवतं. आणि दगड म्हटलं तर विरोधकांना शिवी शोधायचे कष्टसुद्धा नकोत. रेडा, बैल, हत्ती यांचीही ताकद मोठी, पण मराठीत आपण ती टोमण्यासाठी आधीच खर्च करून टाकली आहे. गव्याला अजून कुणी तसं वापरलेलं नाही.

कणकवलीकर
उगवत नाही कोण म्हणतं? पावसाळ्यात येऊन बघा कातळावरची फुलं. मी कातळ सोडणार नाही.

दाजीपूरकडचा शेतकरी
गव्याला कुणी वापरलेलं नाही म्हणे. आमच्याकडं येऊन ऐका काय काय म्हणतात त्याला. गेल्या हंगामात एका रात्रीत माझा दहा गुंठे ऊस आडवा केला. पंचनाम्यासाठी हेलपाटे घातले ते वेगळेच. आणि तुम्ही त्याच्या नावाचा जयजयकार करणार. आमच्यात गव्यांचा आवाज आला की आम्ही फटाके लावतो.

संयोजक
दादा, ताकद दाखवणारं नाव हवं होतं. तुम्ही तर पुरावाच दिलात.

गवा, वाघ, कातळ, पोलाद ठरले. धडक, वॉरियर्स, भुदरगड गेले, वज्र ‘व’मुळे अडकलं. आता बॅनरवाला विचारतोय, ‘राधानगरी गवा’ लिहू की ‘राधानगरी गवे’? पोरं म्हणतात, नाव म्हणजे नाव, ते बदलायचं नाही, ओरडतानाही ‘गवाचा’च म्हणू.

वैशाली
बॅनरवर एकवचन चालेल. पण ‘गवाचा’ नको हो! ‘पुणेचा’, ‘ठाणेचा’ ऐकून आधीच कान किटलेत.

नाना
विशेषनाम झाल्यावर रूप बदलायलाच हवं असं नाही. आडनाव गवा असतं तर काय म्हटलं असतं?

वैशाली
आडनाव असतं तर ‘गवांचा’ म्हटलं असतं कदाचित. पण ही माणसं नाहीत, जनावर आहे.

दाजीपूरकडचा शेतकरी
गवा लिहा नाहीतर गवे लिहा. पहिल्या सामन्याला फटाके मी आणतो, घरात शिल्लक आहेत.