मदत हवी आहे: फारसी सीव्हीतला ‘मोशावेर’ इंग्रजीत काय लिहू?

नमस्कार मंडळी, इराणमधल्या एका प्राध्यापकांचा फारसी सीव्ही इंग्रजीत करतेय. पदं सुटली: ओस्तादयार म्हणजे असिस्टंट प्रोफेसर, दानेशयार म्हणजे असोसिएट. घोडं अडलंय प्रबंधांच्या यादीत. प्रत्येक नोंदीपुढे ‘राहनमा’ किंवा ‘मोशावेर’ आहे. राहनमा मुख्य मार्गदर्शक, म्हणून सुपरवायझर. मोशावेर दुय्यम, पण शब्दशः ‘अ‍ॅडव्हायजर’ लिहिलं तर अमेरिकेत तोच मुख्य समजतील आणि सरांच्या नावावर नसलेलं श्रेय चढेल. तेवढं मला नकोय. ‘को-अ‍ॅडव्हायजर’ चालेल का?

शिवाय काही लेखांवर नुसतं १३९८ आहे, म्हणजे मार्च २०१९ ते मार्च २०२०. ‘बहमन’ महिना दिलाय तिथे २०२० धरलं, कारण तो जानेवारी-फेब्रुवारीत येतो. महिनाच नसेल तिथे २०१९-२० लिहून मूळ साल सोबत ठेवू का?