मदत हवी आहे: जुन्या फर्मच्या नावावर निघालेलं बिल कंपनीच्या नावाने बदलून कसं घ्यावं? (इंदूर)

पालदा_खोकी
बँकेने कर्जाचा हप्ता अडवून ठेवला आहे, म्हणून लवकर उत्तर हवं आहे. आम्ही एअर कॉम्प्रेसर घेतला. पार्टीने बिल जुन्या नावाने आणि जुन्या जीएसटी नंबरवर काढलं. तीन फोन केले, दोनदा सांवेर रोडला स्वतः जाऊन आले. त्यांचे मुनीम म्हणतात, "रिटर्न भरून झालं, आता काही होत नाही, हवं तर पेनाने नाव बदलून शिक्का मारून देतो." बँकवाले म्हणतात, कंपनीच्या नावाचंच बिल हवं. पार्टीला नक्की काय लिहून पाठवू, की त्यांना बदलून द्यावंच लागेल?

माळवी_मिरची
पेनाने बदलून शिक्का मारून घ्या ताई, चालतं. माझ्या दुकानाच्या नावात "ट्रेडर्स" ऐवजी "ट्रेडिंग" आलं होतं. पार्टीने लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या आणि माझ्या सीएने काही हरकत घेतली नाही. उगाच बाऊ करू नका.

हिशोबनीस_रामबाग
मिरचीभाऊ, तुमच्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर बरोबर होता ना? मग तुमचं प्रकरण वेगळं आहे. नंबर बरोबर असेल तर बिल पोर्टलवर तुमच्याच खात्यात दिसतं. नाव-पत्त्यातली बारीक चूक असली, तरी दोघांचे नंबर, मालाचं वर्णन, रक्कम आणि कर नीट असेल तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, नियमातच तशी सवलत आहे. नंबर चुकला की क्रेडिट दुसऱ्याच्या खात्यात जाऊन पडतं. कागदावर कितीही शिक्के मारले तरी पोर्टलवरचं काही हलत नाही.

ताई, हे सांगा: बिलाची तारीख काय? बिलावर क्यूआर कोड आहे का? जुना नंबर अजून चालू आहे की रद्द झाला? आणि "जुनं नाव" म्हणजे नक्की काय बदललं?

सीमा_बडोदे
नाव बदललं असेल तर आधी जीएसटी नोंदणीत दुरुस्ती करावी लागते. पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज टाका, नवं प्रमाणपत्र येतं. आमच्या बडोद्याच्या ऑफिसचं नाव बदललं तेव्हा आम्ही तसंच केलं, नंबर तोच राहिला.

पालदा_खोकी
सीमाताई, नोंदणी आमची झालेली आहे, प्रश्न बिलाचा आहे.

बाबांची प्रोप्रायटरशिप होती. १ एप्रिलपासून आम्ही प्रायव्हेट लिमिटेड झालो, त्यामुळे पॅन नवा आणि नंबरही नवा. बिल २७ मेचं आहे. किंमत ३,४०,०००, जीएसटी ६१,२००, एकूण ४,०१,२००. सगळे पैसे कंपनीच्या खात्यातून गेले. क्यूआर आहे. जुना नंबर चालू आहे, पुढच्या आठवड्यात रद्द करायचा अर्ज टाकणार आहोत. आज १७ जून. आणखी काय हवंय?

हिशोबनीस_रामबाग
तो रद्द करण्याचा अर्ज आधी थांबवा. कारण पुढे सांगतो.

बिलावरच्या नंबरचं सहावं अक्षर पाहा. पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे मध्य प्रदेशाचे २३. ते दोन्ही नंबरांत सारखेच असणार, म्हणून वरवर पाहिलं तर फरक डोळ्यांत भरत नाही. पुढची दहा अक्षरं पॅनची. सहाव्या जागी P असेल तर ते बाबांचं वैयक्तिक खातं, C असेल तर कंपनी. म्हणजे तुमच्या बाबतीत नुसतं नाव चुकलेलं नाही, बिल कायद्याने वेगळ्याच माणसाला लागलं आहे.

क्यूआर आहे म्हणजे ते ई-इनव्हॉइस आहे. काढल्यापासून २४ तासांत कळलं असतं तर पार्टीला ते रद्द करून नव्या क्रमांकाने काढता आलं असतं. ती वेळ गेली. मेच्या विक्रीचं रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, ११ जूनला भरलं गेलं असणार, म्हणून मुनीम म्हणतात तेवढं खरं. पण "काही होत नाही" हे खरं नाही.

दूध_तूप_सियागंज
जीएसटीआर-१ए आहे ना आता! कर भरायचं ३बी रिटर्न जाण्याआधी त्याच महिन्याची चूक सुधारता येते. आज १७ आहे, २० पर्यंत वेळ आहे. पार्टीला सांगा, उद्याच्या उद्या करा. विषय संपला.

हिशोबनीस_रामबाग
१ए मध्ये घेणाऱ्याचा नंबर बदलता येत नाही. रक्कम, दर, राहून गेलेलं बिल, हे सगळं चालतं. नंबर बदलायचा तर पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच.

दूध_तूप_सियागंज
बरं, हे माहीत नव्हतं. मी रकमेची चूक सुधारली होती, तेव्हा झालं होतं.

ग्वाल्हेरकर_अ
एवढी यातायात कशाला? क्रेडिट बाबांच्या फर्मला पडू द्या. धंदा कंपनीकडे आलाच आहे, तर आयटीसी-०२ भरा आणि शिल्लक क्रेडिट कंपनीकडे वळवा. त्यासाठीच तो फॉर्म आहे. आम्ही भागीदारीची कंपनी केली तेव्हा ४ लाखांच्या वर क्रेडिट असंच आणलं.

हिशोबनीस_रामबाग
फॉर्म त्यासाठीच आहे, बरोबर. पण तुम्ही आणलं ते बदल होण्याआधीच्या खरेदीचं क्रेडिट होतं. इथे माल मेमध्ये आला, कंपनीच्या शेडमध्ये उतरला, पैसे कंपनीने दिले. बाबांच्या फर्मने काही घेतलंच नाही, तर तिचं क्रेडिट कसं? आणि बँकेच्या कागदाचं काय? घसारा कोण लावणार? यंत्र कंपनीच्या खात्यात आणि बिल बाबांच्या नावावर, असं होईल.

ग्वाल्हेरकर_अ
घसाऱ्याचा मुद्दा मान्य. पण पार्टी ऐकतच नसेल तर दुसरा उपाय काय?

हिशोबनीस_रामबाग
पार्टी सहसा पैशाच्या भीतीने अडते. त्यांना वाटतं, नवं बिल काढलं की ६१,२०० पुन्हा भरावे लागतील. ती भीती काढली की काम होतं.

पार्टीने जूनमध्ये दोन कागद काढायचे. पहिला, जुन्या नंबरवर पूर्ण ४,०१,२०० ची क्रेडिट नोट, त्यात २७ मेच्या बिलाचा उल्लेख. दुसरा, कंपनीच्या नंबरवर तेवढ्याच रकमेचं नवं बिल. दोन्ही ई-इनव्हॉइसच. जूनच्या रिटर्नमध्ये एकीकडे ६१,२०० कमी आणि दुसरीकडे ६१,२०० जास्त, म्हणजे खिशातून एक रुपया जात नाही. दोन्ही कागद एकाच महिन्यात पडले पाहिजेत, एवढंच. नोट जूनला आणि बिल जुलैला गेलं तर तुमचं क्रेडिट महिनाभर पुढे ढकललं जातं. जूनचं जीएसटीआर-१ ११ जुलैपर्यंत भरलं की १४ जुलैला ते कंपनीच्या क्रेडिटच्या यादीत, २बी मध्ये, दिसेल.

क्रेडिट नोट बाबांच्या चालू नंबरवर चढवायची आहे, म्हणून म्हटलं की तो आत्ता रद्द करू नका. आणि दोन कामं बाबांच्या बाजूची. २० तारखेला जुन्या फर्मचं मेचं ३बी भरताना हे ६१,२०० वापरू नका, सीए तिथल्या तिथे उलटवून दाखवतील. मग क्रेडिट नोट पोर्टलवर आयएमएसमध्ये, जिथे आलेले कागद स्वीकारायचे किंवा नाकारायचे असतात तिथे, दिसेल, ती घाईत रिजेक्ट करू नका. बिल रिजेक्ट केलं तर पार्टीवर कराचा बोजा वाढत नाही, पण क्रेडिट नोट रिजेक्ट झाली की तेवढा कर पार्टीच्या पुढच्या ३बीत पुन्हा चढतो. एवढं सहन करून बिल बदलून देणाऱ्याशी असं होता कामा नये.

नारायणबाग_सीए_शिष्य
काका, एक शंका. क्रेडिट नोट कलम ३४ खाली निघते, आणि तिथे कारणं मोजकी आहेत: किंमत किंवा कर जास्त लागला, माल परत आला, सेवेत उणीव राहिली. नंबर चुकला हे त्यात नाही. आमचे सर म्हणतात की योग्य वाट म्हणजे जूनच्या जीएसटीआर-१ मध्ये तक्ता ९ए, तिथे मूळ बिल दुरुस्त करून नंबर बदलायचा. क्रेडिट नोट नकोच.

हिशोबनीस_रामबाग
सर चूक नाहीत. क्यूआर नसतं तर मीही ९एच सांगितलं असतं, सरळ आणि स्वच्छ. इथे अडचण अशी की ९ए मध्ये रिटर्न सुधारतं, पण छापील ई-इनव्हॉइसचा क्यूआर जुनाच राहतो. बँकेतल्या माणसाने स्कॅन केलं की पुन्हा बाबांचा नंबर दिसणार. म्हणून अशा वेळी बहुतेक जण नोट आणि नवं बिल हीच वाट धरतात. उद्या कोणी अधिकाऱ्याने विचारलं तर दोन्ही बाजूंनी कर भरलेला दिसतो. तरी कागदोपत्री तुमच्या सरांचा मुद्दा उरतोच.

नारायणबाग_सीए_शिष्य
सरांना विचारून पाहतो. त्यांना पटेल असं वाटत नाही.

माळवी_मिरची
माझ्याकडून चुकीचा सल्ला गेला, ताई. पण पार्टीने मुळात जुना नंबर का टाकला? तुम्ही ऑर्डर कशी दिली होती?

पालदा_खोकी
व्हॉट्सअॅपवर. "मागच्यासारखाच कॉम्प्रेसर, ११ किलोवॉटचा" एवढंच लिहिलं होतं. नवं प्रमाणपत्र एप्रिलमध्ये त्यांच्या सेल्सवाल्याला पाठवलं होतं, अकाउंट्सला नाही. आमचीही चूक आहे, मान्य करते. आता पार्टीला काय लिहू, ते सांगा ना.

हिशोबनीस_रामबाग
ईमेल करा, फोन नको. मालकांना आणि मुनीमजींना दोघांनाही. मी मराठीत लिहितो, तुम्ही हिंदीत करून पाठवा:

"आपलं २७ मेचं बिल, रक्कम ४,०१,२००, आमच्या जुन्या प्रोप्रायटरशिपच्या नंबरवर निघालं आहे. माल आमच्या कंपनीने घेतला असून पैसे कंपनीच्या खात्यातून दिले आहेत, बँकेचा उतारा सोबत आहे. कृपया जुन्या नंबरवर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट आणि कंपनीच्या नंबरवर नवं बिल, दोन्ही ३० जूनच्या आत काढावीत. कंपनीचं प्रमाणपत्र जोडलं आहे. जुन्या फर्मने या बिलाचं क्रेडिट वापरलेलं नाही आणि वापरणार नाही, तसं तिच्या मालकांचं सहीचं पत्र सोबत आहे. क्रेडिट नोट आमच्याकडून स्वीकारली जाईल."

शेवटची दोन वाक्यं काढू नका. जुन्या फर्मने क्रेडिट उलटवलं नसेल तर पार्टीला आपला कर कमी करता येत नाही. ते पत्र हातात असलं की त्यांचे सीए हो म्हणतात. बाबांच्या फर्मच्या लेटरहेडवर लिहा, बाबांची सही घ्या.

आणि मुनीमजींना सांगा, कंपनीचं नवं लेजर उघडा. जुन्याच लेजरमध्ये नंबर बदलून टाकला तर मागची बिलं पुन्हा छापताना त्यावरही नवा नंबर येतो. माझ्याकडे एका पार्टीचा असा घोळ निस्तरायला दोन दिवस गेले होते.

सीमा_बडोदे
बँकेला तोवर काय द्यायचं? आमच्या बँकेने प्रोफॉर्मा चालवून घेतला होता.

पालदा_खोकी
प्रोफॉर्माला नाही म्हणाले, आधीच विचारलं.

पालदा_खोकी (२३ जून)
मेल गेल्यावर मालकांचा स्वतःहून फोन आला. बाबांचं पत्र वाचून त्यांच्या सीएने होकार दिला. क्रेडिट नोट आणि नवं बिल काल आलं, सहावं अक्षर C आहे, तीनदा पाहिलं. जुन्या फर्मच्या ३बीत सीएने ६१,२०० उलटवून दाखवले. बँकेत नवं बिल दिलं, तिथे आता विचारतायत की पैसे मेमध्ये गेले आणि बिल जूनचं कसं. काका, क्रेडिट नोटची प्रत दिली तर त्यांचं समाधान होईल का?

हिशोबनीस_रामबाग
क्रेडिट नोट, जुनं बिल आणि तुमचा ईमेल, तिन्ही एकत्र टाचून द्या. नोटेवर जुन्या बिलाचा क्रमांक छापलेला आहे ना, ते आधी बघा. नसेल तर आजच पार्टीला सांगा.