मदत हवी आहे: पावडरच्या पंपाची अर्धी कॅप्सूल तशीच राहते, आईच्या जिभेवर पांढरं आलंय

चिपळूणची_लेक: आई ६६ वर्षांची, दमा जुना. आधी फवाऱ्याचा पंप होता, दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी कॅप्सूल टाकून ओढायचा दिला. त्यात स्टेरॉइड आहे. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडली तर निम्मी पावडर आतच! रात्रीचा खोकला तसाच, आवाज बसलाय आणि जिभेवर पांढरे ठिपके आलेत. औषध बंद करू का?

सुहास_काका: फवारा असो वा पावडर, श्वास हळूहळूच घ्यायचा. पंपाला स्पेसर, म्हणजे ती पोकळ नळी, लावा.

वॉर्डातली_ताई: काका, ते फवाऱ्याला लागू. फवाऱ्यात गॅस औषध बाहेर ढकलतो. पावडरच्या पंपात ढकलणारं काहीच नसतं, आईंच्या ओढण्यानेच पावडर सुटी होते. त्यामुळे पहिल्या क्षणापासून जोरात आणि छाती भरेपर्यंत ओढायचं. हळू ओढलं तर पावडर कॅप्सूलमध्ये राहते, नाहीतर घशात चिकटते. स्पेसर याला चालत नाही. औषध मनाने बंद करू नका. आधी सांगा, श्वास बाहेर कुठे सोडतात?

चिपळूणची_लेक: पंप तोंडात धरूनच. मीच म्हणायचे, "आधी सगळा श्वास सोड." आत पावडरीच्या गुठळ्या दिसतात.

वॉर्डातली_ताई: तीच गडबड. उच्छ्वासाची वाफ लागली की पावडर ओली होऊन चिकटते, थोडी उडूनही जाते. पंप तोंडापासून लांब, मान वळवून श्वास सोडायचा. मग ओठ घट्ट मिटून एका दमात ओढायचं, पंप बाहेर काढायचा आणि जमेल तसा, दहा सेकंदांपर्यंत, श्वास रोखायचा. कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर त्याच कॅप्सूलवर पुन्हा एकदा ओढायचं. पंप धुतलात तर पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका, तुमच्याकडच्या पावसाळ्यात तर मुळीच नाही.
ओढून झालं की पाण्याने खळखळून चूळ आणि गुळण्या, पाणी थुंकायचं. तोंडात राहिलेल्या स्टेरॉइडमुळे बुरशी धरते. ठिपके पुसून जात नसतील किंवा खाली लालसर दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवा, औषध लागेल.

नितीन_सांगली: आमच्या बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुना आजार. शिकवूनही इतक्या जोरात ओढताच येईना. शेवटी डॉक्टरांनी फवारा आणि स्पेसर दिला.

चिपळूणची_लेक: आई चूळ भरायचीच नाही, वर लगेच चहा प्यायची. आता पंप दात घासायच्या आधी ठेवलाय, म्हणजे चूळ आपोआप होते. काल मान वळवून श्वास सोडायला लावला आणि म्हटलं, "आई, सरबत स्ट्रॉने ओढतेस ना, त्याहून जोरात." पहिल्यांदाच कॅप्सूल आत फर्रर्र वाजली! दुसऱ्यांदा ओढल्यावर रिकामी. संध्याकाळी मात्र दमलेली असते, तेव्हा थोडी पावडर उरलीच. नितीनदादा म्हणतात तसं तिचं ओढणं कमी पडतंय का, हे गुरुवारी डॉक्टरांसमोरच ओढायला लावून विचारते. ठिपके अजून आहेत.